विश्लेषण : चाकणच्या कारखान्याला स्वतःचे छोटे भाषांतर-मॉडेल हवे का?

चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात यंत्रांची माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत येते आणि यंत्र चालवणारा हात मराठी असतो. (हिंदी, भोजपुरी, ओडियाही असतो, तो वेगळा विषय.) मोबाइलमधले भाषांतर वापरता येते, पण पुस्तिका बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची अनेकांची तयारी नसते. मग एखाद्या साध्या संगणकावर चालेल असे स्वतःचे छोटे इंग्रजी-मराठी मॉडेल घडवावे का? घडवावे. मात्र त्यातला एक धोका आधी समजून घ्यायला हवा.

जोड्या कुठून आणायच्या?

मॉडेलला शिकायला इंग्रजी वाक्य आणि त्याचे मराठी, अशा जोड्या लागतात. ‘एआय४भारत’ने २०२१ मध्ये खुल्या केलेल्या ‘समानंतर’ संचात मराठी-इंग्रजीच्या तीस लाखांहून अधिक जोड्या आहेत. पण त्या मुख्यतः इंटरनेटवरून गोळा केलेल्या असल्याने त्यात बातम्यांची, सरकारी निवेदनांची भाषा जास्त. ‘टॉर्क ४५ एनएमपर्यंत द्या’ असे तिथे कोण लिहिणार? कारखान्याकडे मात्र निव्वळ मराठी मजकूर भरपूर असतो : सूचनाफलक, शिफ्टची नोंद, प्रशिक्षणाची टिपणे. त्याचे इंग्रजी नसते, एवढेच.

एकच शब्दसंग्रह का?

मराठीत ‘मशीनवर’, ‘मशीनच्या’, ‘मशीनमधून’ ही रूपे स्वतंत्र शब्द धरली तर यादी फुगते. म्हणून वारंवार येणारे तुकडे शब्द फोडून काढतात : ‘मशीन’, ‘वर’, ‘च्या’. दोन्ही भाषांसाठी अशा १६ हजार तुकड्यांची एकच यादी केली, तर लिप्या वेगळ्या असूनही फायदा होतो. आकडे, एककांच्या खुणा, सुट्या भागांचे क्रमांक दोन्हीकडे तेच राहतात. शिवाय प्रत्येक तुकड्याला ५१२ आकड्यांची ओळख दिली तर एका तक्त्यात सुमारे ८२ लाख आकडे होतात. दोन भाषांचे वाचन आणि शेवटचे लेखन यांना वेगवेगळे तक्ते ठेवले तर हेच अडीच कोटींच्या जवळ जाते. सहा-सहा थरांच्या ट्रान्सफॉर्मरचा उरलेला पसारा साडेचार कोटींच्या आत असतो, हे पाहता ही बचत लहान नाही.

इथे एक मराठमोळी खोच आहे. ‘कर्मचाऱ्यांनी’मधला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवलेला सापडतो. जुन्या पद्धतीत ‘र’ आणि ‘य’ यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. साफसफाईत ते गळाले की ‘कर्मचार्यांनी’ उरते आणि एकाच शब्दाचे दोन शब्द होतात. म्हणून यादी बनवण्याआधी सगळा मजकूर एका पद्धतीत आणावा लागतो. जुन्या श्री-लिपी फॉन्टमधले फलक तर आधी युनिकोडमध्येच आणावे लागतात.

उलट भाषांतर म्हणजे काय?

न्यूरल भाषांतरासाठी ही युक्ती २०१६ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील सेनरिच, हॅडो आणि बर्च यांनी मांडली. हाती असलेल्या जोड्यांवर आधी मराठीतून इंग्रजीत जाणारे मॉडेल शिकवायचे. त्याच्याकडून कारखान्यातल्या मराठी वाक्यांचे इंग्रजी करून घ्यायचे. ते ओबडधोबड असले तरी चालते, कारण मुख्य मॉडेलला इंग्रजी फक्त वाचायचे असते. जे लिहायला शिकायचे ते मराठी माणसाचेच राहते. अशा कृत्रिम जोडीतल्या इंग्रजी वाक्याआधी `<BT>` ही खूण लावली की मॉडेलला खरे आणि यंत्राने केलेले यांतला फरक कळतो. सुरुवात खऱ्या जोड्यांइतक्याच कृत्रिम जोड्यांनी करावी.

धोका कुठे आहे?

समजा फलक आहे : ‘गार्ड बंद असल्याशिवाय मशीन सुरू करू नये.’ उलट मॉडेलने एक नकार गाळला आणि ‘गार्ड बंद असेल तर मशीन सुरू करू नये’ अशा अर्थाचे इंग्रजी दिले, की जोडीचे दोन भाग परस्परविरोधी झाले. मुख्य मॉडेल नेमके हेच शिकते. त्यात ‘बंद’ शब्द दुहेरी : गार्ड बंद म्हणजे लावलेला, मशीन बंद म्हणजे थांबलेली.

अशी चूक वाचताना खटकत नाही. उलट भाषांतरामुळे मराठी सफाईदार झालेली असते आणि चुकीचे वाक्यही शॉपफ्लोअरच्याच बोलीत येते. भाषांतर मोजणाऱ्या गुणांतही ती दिसत नाही, कारण एक ‘नये’ गेल्याने अक्षरांची जुळणी फारशी बिघडत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी हवी : नकार, ‘शिवाय’, ‘पर्यंत’, आकडे आणि एकके असलेली दोन-तीनशे इंग्रजी वाक्ये, मूळ पुस्तिकांतूनच घेतलेली आणि शिकवणीत कधीही न वापरलेली. मराठी उत्तरे लाइनवरच्या सुपरवायझरने तपासावीत. कृत्रिम जोड्यांतही मराठीत नकार आहे आणि इंग्रजीत नाही, किंवा आकडे जुळत नाहीत, अशा जोड्या सरळ फेकून द्याव्यात. थोड्या चांगल्या जोड्याही त्यात जातील, जाऊ द्याव्यात. मात्र नकारांची नुसती मोजदाद वरच्या फलकाला पकडत नाही, कारण तिथे दोन्हीकडे नकार आहेच. म्हणून ‘शिवाय’ असलेली वाक्ये वेगळी काढून माणसाने वाचावीत आणि त्यांचे इंग्रजी हातानेच लिहावे. सुरक्षेच्या फलकांत अशी वाक्ये मोजकीच असतात, हे काम दोन-तीन दिवसांचे आहे.