पावतीचे चित्र आणि खात्यातील जमा

आचोळे रस्त्यावरील स्टील भांड्यांच्या एखाद्या घाऊक दुकानात घडू शकेल असा हा प्रसंग. दिनांक 14 मार्च, महिन्याचा दुसरा शनिवार, वेळ सायंकाळची. नव्या ग्राहकाने दूरध्वनीवरून 2,36,000 रुपयांचा माल सांगितला आहे. टेम्पो दाराशी उभा आहे. इतक्यात व्यापाऱ्याच्या मोबाईलवर आरटीजीएस यशस्वी झाल्याचे चित्र येते. रक्कम बरोबर, दुकानाचे नाव बरोबर, हिरवी खूणही ठसठशीत. खात्यात मात्र जमा नाही. ग्राहक सांगतो, "शेठ, आज बँकेला सुट्टी आहे, सोमवारी सकाळी पैसे दिसतील. टेम्पोवाल्याचे भाडे चढते आहे, तेवढा माल सोडा."

संशयाची पहिली जागा चित्रात नाही, या वाक्यात आहे. 14 डिसेंबर 2020 पासून आरटीजीएस सेवा वर्षाचे सर्व दिवस, रात्रंदिवस चालते. मध्यरात्रीच्या सुमारास दिवसाचे हिशेब बंद होण्याचा अल्प विराम तेवढा सोडायचा. निधीचा संदेश मिळाल्यापासून अर्ध्या तासात लाभार्थी बँकेने रक्कम खात्यात जमा करावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. शाखेचे दार बंद असल्याने ही रक्कम सोमवारपर्यंत अडून राहत नाही. जुन्या काळी हे कारण खरे असे, म्हणूनच ते आजही पटते.

त्यानंतर संदर्भ क्रमांक पाहावा. आरटीजीएसचा यूटीआर क्रमांक 22 अक्षरांचा असतो: आरंभी पैसे पाठवणाऱ्या बँकेची चार अक्षरे, मग R, मग व्यवहाराच्या मार्गाचे एक चिन्ह, पुढे वर्ष-महिना-दिवस अशी आठ अंकी तारीख आणि शेवटी आठ अंकी अनुक्रमांक. आपल्या प्रसंगात चित्रावरील क्रमांक असा आहे:

`XXXXR52026020600001234`

अक्षरे मोजली तर 22 भरतात. परंतु मधील तारीख 6 फेब्रुवारीची आहे, आणि चित्राच्या माथ्यावर मात्र 14 मार्च लिहिले आहे. कुठल्या तरी जुन्या, खऱ्या पावतीवर रक्कम, नाव व दिवस बदलले गेले. क्रमांकातील तारीख बदलायची राहून गेली. क्रमांक केवळ 12 अंकी असता, तर तो यूपीआय किंवा आयएमपीएसच्या धाटणीचा ठरला असता आणि आरटीजीएसच्या पावतीवर त्याचे काहीच काम नव्हते.

येथे एक सावधगिरी हवी. क्रमांक चुकीचा असेल तर पावती संशयास्पद ठरते. क्रमांक नीट जुळला तरी पावती खरी ठरत नाही. थोडा अधिक काळजीपूर्वक फसवणारा माणूस तारीखही बदलेल. म्हणून चित्राची कितीही तपासणी केली तरी अखेरचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते: व्यापाऱ्याने स्वतः आपल्या बँकेचे ॲप उघडून पाहिलेल्या खातेउताऱ्यात. ग्राहकाने पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे, आणि "खात्यात रक्कम जमा" अशा लघुसंदेशावरूनही नव्हे. तसा संदेश दहा अंकी साध्या मोबाईल क्रमांकावरून कोणीही टंकून पाठवू शकतो.

उताऱ्यातही कोणता आकडा वाचायचा हे समजून घ्यावे. काही लबाड ग्राहक व्यापाऱ्याच्या खात्यात सरळ धनादेश भरून टाकतात. धनादेश वटण्यापूर्वीच काही बँकांच्या उताऱ्यात ती रक्कम एकूण शिलकेत चढलेली दिसते आणि व्यापारी निर्धास्त होतो; पुढे धनादेश परत येतो. तेव्हा नोंदीसमोर आरटीजीएस असे लिहिले आहे का आणि काढता येण्याजोगी शिल्लक खरोखर वाढली आहे का, हे दोन्ही पाहावे.

प्रामाणिक ग्राहकाचीही बाजू आहे. त्याने एनईएफटी केली असेल, तर ते व्यवहार अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी पुढे जातात. तुकडीचा हिशेब झाल्यावर दोन तासांच्या आत रक्कम जमा व्हावी किंवा परत जावी, असा नियम आहे. अशा वेळी खऱ्या पावतीनंतरही काही काळ खाते कोरे दिसेल, आणि खाते क्रमांक चुकला असेल तर रक्कम येणारही नाही. दोन्ही शक्यतांत माल दुकानातच राहिलेला बरा. टेम्पोचे थांबण्याचे भाडे काही शे रुपये होईल; ते कोणी सोसायचे, एवढ्यावरच बोलणी करावी.

माल निघून गेलाच तर तक्रारीचे स्वरूप वेगळे असते, हे फारसे कोणी सांगत नाही. 1930 या क्रमांकाचा मोठा उपयोग गेलेले पैसे पुढच्या खात्यात गोठवण्यासाठी होतो. येथे पैसे कुठून कुठे गेलेच नाहीत, गोठवायचे काय? तक्रार तेथे नोंदवावीच, पण शोध मालाचा घ्यायचा असतो. त्यामुळे टेम्पोचा क्रमांक, चालकाचा मोबाईल, माल उतरवण्याचा पत्ता, बीजक आणि ते मूळ चित्र घेऊन त्याच रात्री पोलीस ठाणे गाठावे. ग्राहकाशी झालेले संदेश पुसू नयेत. टेम्पो भाड्याचा असेल तर चालकाला बहुधा काहीच ठाऊक नसते, आणि माल कुठे उतरवला हे तोच सर्वांत आधी सांगू शकतो.