गाळा सोडायचा, पण लॉक-इन आडवे आले



आमच्याकडे रविवारी विहारातली वंदना आटोपली की कागद घेऊन माणसे बसतात. कुणाचा पेन्शनचा अर्ज असतो, कुणाचे रेशनकार्ड. मार्च महिन्यातल्या एका रविवारी वस्तीतला एक तरुण आला आणि न बोलताच त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून गाळ्याचा करार काढून आमच्यापुढे ठेवला. "काका, मी हा गाळा सोडतोय. मालक म्हणतात, डिपॉझिट विसर, वर चोपन्न हजार आण."

मुलाचे झेरॉक्स, टायपिंग आणि स्टेशनरीचे दुकान तहसील कचेरीच्या समोर होते. जूनमध्ये त्याने गाळा घेतला. भाडे महिना 18,000 रुपये, अनामत 1,08,000. ती अनामत वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून आलेली, आणि वडील नगरपालिकेतून निवृत्त झालेले. धंदा सात महिने बरा चालला. जानेवारीत कचेरी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली आणि गिऱ्हाईक तिच्या मागे गेले. दिवसाला जिथे दीड हजाराचा गल्ला होत असे तिथे तीनशेसुद्धा होईना. आपल्या कुटुंबांत असा गाळा घेणारी ही पहिलीच पिढी आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर सांगावेसे वाटते.

करार 36 महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. त्यातले आठवे कलम मुलाने सही करताना वाचलेच नव्हते. एजंटने "हे सगळ्यांच्यात असते" म्हटले आणि याने अंगठ्यासारखी सही ठोकली. कलम असे की पहिले 18 महिने ही लॉक-इनची मुदत. त्या काळात परवानाधारकाने गाळा सोडल्यास उरलेल्या मुदतीचे संपूर्ण भाडे द्यावे. त्यानंतर मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येईल. फेब्रुवारीअखेर नऊ महिने झाले होते, नऊ उरले होते. नऊ गुणिले अठरा हजार म्हणजे 1,62,000. त्यातून अनामत वजा केली की मालकाचे चोपन्न हजार निघतात. हिशेब मालकाने घरचा काढलेला नव्हता, करारातूनच काढला होता.

आम्ही मुलाला पहिला प्रश्न विचारला, की करार नोंदवलेला आहे का? होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. इथे मात्र नोंदणी झाल्यामुळे ती वाट बंद होती. मुलाचा चेहरा उतरला.

दुसरी वाट भारतीय करार कायदा, 1872 ची. त्याच्या कलम 74 मध्ये म्हटले आहे की करार मोडल्यास द्यायची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी ती वरची मर्यादा आहे. त्या मर्यादेत जी वाजवी भरपाई होईल तेवढीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या 1963 च्या निकालात हे मांडले आणि 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालातही त्याचा पुन्हा विचार केला. शिवाय कलम 73 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात. गाळा दुसऱ्याला देता येत असताना तो रिकामा ठेवून जुन्याकडून सगळे भाडे मागणे म्हणूनच अवघड जाते. आणि दुसऱ्याकडून भाडे घेऊन त्याच महिन्यांचे भाडे पहिल्याकडूनही घेणे तर आणखीच अवघड.

पण इथे एक सावधगिरी हवी. लॉक-इनची रक्कम दोघांनी आधीच विचार करून ठरवलेला नुकसानीचा अंदाज आहे असे मानून ती देवविणारे निकालही झालेले आहेत. म्हणजे कोर्टात आपण जिंकूच, असे कुणी वकील छातीठोक सांगू लागला तर फी देण्याआधी दोनदा विचारा. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि तेवढे दिवस अनामत मालकाकडेच राहते. कायद्याचे ज्ञान इथे कोर्टासाठी कमी आणि बोलणी करताना पाय घट्ट ठेवण्यासाठी जास्त कामाचे होते.

मुलाच्या मनात तोवर दोन बेत होते. एक, शटर लावून किल्ली मालकाच्या दारात टाकायची. दुसरा, पुढचे चेक बँकेत थांबवायचे. त्याने सुरुवातीला पुढच्या तारखांचे बारा चेक दिले होते. त्यातले मार्च, एप्रिल आणि मे असे तीन मालकाकडे शिल्लक होते. आम्ही दोन्ही बेत मोडून काढले. किल्ली टाकून गेले की करार याने मोडला हे मालकाला आयते मिळते, आणि ताबा घेतल्याची पावती नसल्याने "किल्ली मला मिळालीच नाही" म्हणायलाही जागा राहते. चेकचे तर त्याहून वाईट. "पेमेंट थांबवा" असे बँकेला सांगितले म्हणून धनादेश न वटल्याच्या फौजदारी तक्रारीतून आपोआप सुटका होत नाही. वसुलीचा साधा वाद मग समन्सपर्यंत जातो.

मग आम्ही पत्र लिहून दिले, एका पानाचे. "मी गाळा सोडत आहे" असे त्यात मुद्दाम लिहिले नाही. कचेरी हलल्यामुळे धंदा बंद पडला आहे, करार परस्पर संमतीने मुदतीपूर्वी रद्द करावा अशी विनंती आहे, मार्च व एप्रिलचे भाडे मी वेळेवर देईन आणि या काळात आपणास नवा भाडेकरू शोधण्यास मदत करीन. हे पत्र कोणत्याही रकमेची कबुली समजू नये. रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पोच जपून ठेवली. फोनवर "हो काका, सगळे देतो" असले काही लिहू नकोस, हेही त्याला बजावले.

त्यानंतर तीन एजंटांना विचारले. या कामासाठी कायद्यापेक्षा चपला जास्त झिजवाव्या लागतात. तिघांचेही म्हणणे जवळपास एकच पडले. कचेरी गेल्यावर त्या रांगेत अठरा हजार कुणी देणार नाही. तेरा-साडेतेरा मिळतील, आणि गिऱ्हाईक मिळायला दोन महिने. हे ऐकून मुलगा खूश झाला, पण आम्हाला काळजी वाटली. कारण याचा अर्थ मालकाचे खरे नुकसान शून्य नव्हते. गाळा दोन महिने रिकामा राहिला तर 36,000, पुढचे सात महिने दरमहा साडेचार हजार कमी म्हणजे 31,500, आणि एजंटची दलाली एक महिन्याचे भाडे धरली तर 13,500. एकूण 81,000. दीड लाखाच्या पुष्कळ खाली, पण आपण "एक पैसा देणार नाही" म्हणून बसावे इतके कमीही नाही. आपल्या बाजूचा आकडा प्रामाणिकपणे काढला नाही, तर समोरच्याचा आकडा खोटा पाडता येत नाही.

मालकाकडे आम्ही मुलाबरोबर गेलो. निवृत्त गृहस्थ, गाळा बँकेच्या कर्जावर घेतलेला. पहिली वीस मिनिटे ते फक्त करारातल्या आठव्या कलमावर बोट ठेवत होते. चहा आला तेव्हा बोलता बोलता निघाले की बँकेचा हप्ता महिना अकरा हजार आहे आणि तो चुकेल या धास्तीने त्यांना झोप नाही. तिथून बोलण्याचा सूर बदलला. या माणसाला एकरकमी दीड लाखाचे अप्रूप नव्हते, महिन्याला हप्ता निघण्याची खात्री हवी होती.

आम्ही कागदावर तीन ओळी लिहून त्यांच्यापुढे ठेवल्या. मार्च आणि एप्रिलचे चेक वटतील, म्हणजे गाळा रिकामा असतानाचे भाडे त्यांच्या हाती आहे. नवा भाडेकरू मुलगा स्वतः आणेल, म्हणजे दलाली नाही. राहिला तो भाड्यातला फरक, सात महिन्यांचे साडेचार हजार. "आणि तुझा माणूस दोन महिन्यांत पळाला तर?" असा त्यांनी प्रश्न केला, आणि तो रास्तच होता. त्यावर असे ठरले की नवा करार मालक थेट नव्या माणसाशी करतील, त्याची अनामत स्वतः घेतील. मुलाच्या गळ्यात नव्याची जबाबदारी राहणार नाही. मधल्यामध्ये परस्पर पोटभाडेकरू ठेवायचा नाही, हे तर करारातच होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक बाई तयार झाली, साडेतेरा हजारांना. गाळ्याच्या मागे शाळा आहे आणि दोन बँका आहेत. तिला कचेरीची गरज नव्हती. साडेएकतीस हजारांवर मग थोडी घासाघीस झाली. मुलाने बसवलेले दिव्यांचे फिटिंग, माळा आणि आतला पत्र्याचा दरवाजा तसाच सोडायचा, त्या बदल्यात आकडा 27,000 वर आला. काउंटर मात्र बाईने वेगळे विकत घेतले, तो हिशेब मालकाचा नाही.

शेवटच्या दिवशी घोटाळा होता होता राहिला. मालक म्हणाले, "किल्ली दे, डिपॉझिट बाईची अनामत आली की आठवड्यात देतो." माणूस वाईट नव्हता, पण आठवड्याचे सहा महिने झालेले आम्ही पाहिले आहेत. किल्ली आणि पैसे एकाच टेबलावर, असे आम्ही नम्रपणे सांगितले. बाईची अनामत त्याच दिवशी त्यांच्या खात्यात जमा झाली आणि तिथूनच मुलाच्या खात्यात 81,000 आले. संदेश आल्यावर किल्ली दिली. मूळ करार नोंदणीकृत होता म्हणून रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. त्यात कोणाचेही कोणाकडे काही येणे उरले नाही हे स्पष्ट लिहिले, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ घातली, आणि वीज मीटरचे रीडिंगही लिहिले. मे महिन्याचा न वटवलेला चेक परत मिळाला, त्याचा नंबर लेखातच नमूद केला. हा चेक विसरला असता तर सगळी मेहनत फुकट गेली असती.

मार्चपासून मुलाला एकूण खर्च आला 63,000: दोन महिन्यांचे भाडे छत्तीस, आणि कापलेले सत्तावीस. मालकाने मागितलेल्या एक लाख बासष्ट हजारांपेक्षा 99,000 कमी. पण छत्तीस-सत्तावीस हेही वडिलांच्या फंडातूनच गेले, आणि म्हातारबाबांनी ते आमच्यासमोर बोलून दाखवले. आम्ही गप्प राहिलो.

आता मुलगा नव्या कचेरीबाहेर एका गाळ्यात आहे, भाडे दहा हजार. गुमास्ता परवान्यावरचा पत्ता बदलायचे राहिले होते, ते मागच्या रविवारी करून दिले. नव्या कराराचा मसुदा त्याने सही करण्याआधी आणला होता. लॉक-इन सहा महिन्यांवर आणले, ते दोन्ही बाजूंना सारखे लागू केले, आणि "कचेरी स्थलांतरित झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर गाळा सोडता येईल" हे वाक्य आम्ही पेन्सिलने मार्जिनमध्ये लिहिले. मालकाने दोन दिवस मागितले आणि ते वाक्य टाईप करून दिले.