‘हाय आयक्यू’वाल्यांसाठी

‘रिक अँड मॉर्टी’ ही कार्टून मालिका कळायला फार वरचा आयक्यू लागतो, असं सांगणारं एक लांबलचक मीम 2017 पासून नेटवर फिरतंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्क मान डोलावली. (कॉन्व्हेंटचं इंग्लिश, वर इंजिनीअरिंग, म्हणजे हे आपल्याबद्दलच!) रूममेट मात्र गादीवर लोळून हसत होता.

आता नीट बघा. रिकचं पालुपद ‘वबा लबा डब डब’ म्हणजे तुर्गेन्येव्हच्या ‘फादर्स अँड सन्स’ कादंबरीकडे गूढ इशारा, असं त्यात म्हटलंय. पण पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागातच त्याचा अर्थ सरळ सांगून टाकलाय: मला फार यातना होताहेत, मदत करा. म्हणजे या पंडिताला मालिकेतली साधी गोष्टसुद्धा कळलेली नाही! शेवटी तो म्हणतो, माझा टॅटू फक्त मुलींनाच दाखवीन, तोही त्यांचा आयक्यू माझ्यापासून 5 अंकांच्या आत असेल तर, आणि शक्यतो कमीच. त्या ‘शक्यतो कमीच’पाशी थट्टा उघडी पडते. टोला मालिकेला नाहीच, तिच्या शिष्ट फॅनला आहे.

गंमत म्हणजे पुढे फॅनच ते मीम एकमेकांना चिकटवू लागले. ‘आम्हाला जोक कळला’ म्हणून पुन्हा शहाणे! हे लिहिताना मी तरी दुसरं काय करतोय?