शिक्षकांची पाठ वळल्यावर काय होते?

नववीचा वर्ग, ‘पीटी’चा तास. पंचेचाळीस मुलांपैकी पंधरा-सोळा जण मनापासून खेळतात. बाकीचे मैदानाला फेरी मारताना सरांची नजर वळली की चालू लागतात. पायरीवर चार-पाच मुली बसलेल्या असतात. कुणाचे पोट दुखते, कुणी गणवेश विसरलेले असते. यावर ठरलेला उपाय एकच : आणखी दोन फेऱ्या. धावणे ही शिक्षा आहे, हा धडा मुले त्यातून पक्का शिकतात.

एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्याला काहीच नाही. खरे मोजमाप वेगळेच होते. प्रत्येक सत्रात प्रयोगकर्ता आठ मिनिटे खोलीबाहेर जाई आणि त्या वेळात कोण आपणहून कोडे हाती घेतो, हे पाहिले जाई. पैसे बंद झाल्यावर, आधी पैसे मिळालेल्या गटाचा त्यातला रस पहिल्यापेक्षा कमी झालेला दिसला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी ‘स्वयंनिर्णय सिद्धांत’ मांडला. आतून येणारी इच्छा टिकायला तीन गोष्टी लागतात : हे मी ठरवले, हे मला जमते आणि इथे मी कुणाचा तरी आहे.

नववीच्या या तासात तिन्ही गोष्टी उलट्या घडतात. वयात येणाऱ्या मुलांना आपले आपण ठरवायचे असते, तर इथे शिट्टी ठरवते. धावण्याच्या चाचणीत सर्वांत आधी थांबणारी मुलगी कडेला उभी राहते आणि सारा वर्ग तिला पाहतो. दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडतात, तेव्हा शेवटी उरलेल्या मुलाला आपली किंमत जाहीरपणे कळते. त्यानंतर त्याने गणवेश ‘विसरला’, तर तो आळस नसून स्वतःचा बचाव असतो.

समजा, त्याच चाळीस मिनिटांची मांडणी बदलली. आजचे उद्दिष्ट शिक्षकच ठरवतात : पंधरा मिनिटे दम लागेल इतकी हालचाल. त्यासाठी तीन वाटा ठेवतात : दोरीवरच्या उड्या, लगोरी किंवा जोडीने पळणे. ‘वाटेल ते करा’ असे सांगणे म्हणजे निवड देणे नव्हे. तसे केले की धीट मुले चेंडू घेऊन जातात आणि बाकीची पुन्हा पायरीवर बसतात. तीनही पर्याय मुलींना नकोसे असतील, तर तीही निवड नव्हे. म्हणून आधी विचारावे लागते.

दोरीवर एका मुलीने पहिल्या दिवशी अडखळण्यापूर्वी अकरा उड्या मारल्या. तो आकडा तिच्या वहीत जातो, फलकावर नाही. ‘छान!’ म्हणण्यापेक्षा ‘हात खांद्यातून फिरतोय, मनगटातून फिरव’ हे वाक्य उपयोगी, कारण पुढच्या वेळी काय करायचे ते तिला कळते. आठवड्याने सोळा झाल्या, तर तिची तुलना स्वतःच्या अकराशी होते. संघ शिक्षकच पाडतात आणि दर पंधरवड्याला बदलतात. नकार आला तर आधी कारण ऐकतात. दमा, रक्तक्षय, पाळीतल्या वेदना हे प्रेरणेचे नव्हे, डॉक्टरांचे प्रश्न आहेत.

हे केवळ कागदावरचे नाही. दक्षिण कोरियात चॉन सुंग-ह्यन आणि जॉनमार्शल रीव्ह यांनी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनाच अशा पद्धतीचे प्रशिक्षण दिले. त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रेरणा आणि वर्गातला सहभाग इतर वर्गांपेक्षा वाढलेला आढळला. शिस्त सोडायला त्यांनी सांगितले नाही. नियम राहिले, फक्त त्यांचे कारण सांगितले गेले आणि कुरकुर ऐकून घेतली गेली.

अर्थात, प्रत्येक मुलाला खेळाची गोडी लागेलच असे नाही. सिद्धांतही तसे म्हणत नाही. ‘आवडत नाही, पण मला याचा उपयोग आहे’ म्हणून व्यायाम करणे हेही स्वतःचेच कारण आहे. ‘गुण जातील’ या भीतीचा जोर मात्र परीक्षेपुरता टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले दिवसाला सरासरी तासभरही पुरेशी हालचाल करत नव्हती. ती कमतरता शाळेतले आठवड्याचे दोन-तीन तास भरून काढू शकत नाहीत; उरलेली हालचाल मुलांनी शाळेबाहेर, आपणहून करायची असते.

म्हणून शाळांनी फेऱ्या मोजणे थांबवून डेसीचीच कसोटी लावावी. तासाची शेवटची पाच मिनिटे मोकळी सोडावीत आणि शिक्षकांनी पाठ फिरवावी. दोऱ्या लगेच खाली पडल्या, तर तास शिट्टीच्या जोरावर चालला होता. दोन-चार जणी उड्या मोजतच राहिल्या, तर तो कामी आला.