सातव्या घरातला मंगळ आणि गहाण पडलेल्या वाट्या

या अंकात कवितेला जागा कमी पडली. हिशेब लिहायचा आहे. गोदीत बोट लागली की मालाआधी टॅली क्लार्क उभा राहतो. गोणी खांद्यावर येण्याआधी कागदावर आकडा पडतो. मागून कोण काय बोलला त्याला किंमत नाही. ह्या एका गोष्टीनं मला जे शिकवलं, ते मॅट्रिकच्या पुस्तकांनी शिकवलं नाही.

आमच्या टोळीतला एक सोबती. कोपरीत माझ्या दोन गल्ल्या पलीकडं राहतो. तीन वर्षांपूर्वी विहारात लग्न झालं, पत्रिका-बित्रिका कुणी बघितली नाही. वहिनीला दोनदा दिवस राहिले, दोनदा तिसऱ्या महिन्यात गेले. दुसऱ्या वेळी ती आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेली. घरात बाबासाहेबांचा फोटो. त्याच फोटोमागं सोबत्याच्या आईनं एक कागद खोचून ठेवला होता, तो मला वहिनीनंच काढून दाखवला. पत्रिका होती. म्हणाली, "दादा, माझ्यामुळं ह्यांचा जीव जाणार म्हणतात."

आई कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेशनाजवळच्या एका ज्योतिषाकडं गेली होती. फी ५०१. तो म्हणाला, सुनेच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ आहे, लग्नाआधी कुंभविवाह करायला हवा होता, म्हणजे मडक्याशी लग्न. केला नाही, आता मंगळशांती करा. ११ हजार. पोवळ्याची अंगठी, साडेसहा हजार. दोघांची एक नाड आहे, म्हणून मूल राहत नाही, त्यासाठी त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण नागबळी, दानधर्म धरून ४२ हजार. पहिले दोन खर्च झाले होते. मंगळसूत्राच्या वाट्या सोनाराकडं गहाण, बाकीचे पैसे टोळीतल्याच एकाकडून व्याजानं. पावती एकाचीही नाही. आणि वर ताकीद, की हे कुणाला सांगू नका, सांगितलं तर गुण येत नाही. ज्या मालाची टॅली करू नका म्हणतात, तो माल चोरीचा असतो हे गोदीत पोरालाही कळतं.

मी पत्रिका घेऊन बसलो. मला ज्योतिष येत नाही. पण मंगळाचा नियम कुठल्याही पुस्तकात चार ओळींत मिळतो. पत्रिकेत बारा घरं. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की माणूस मंगळी. बारात पाच. म्हणजे शंभर माणसांत साधारण बेचाळीस मंगळी. पहिलं घर कुठलं, ते जन्माच्या वेळेवर ठरतं आणि दर दोनेक तासांनी बदलतं, मंगळ मात्र एका राशीत महिना-दीड महिना बसून राहतो. त्यामुळं एकाच दवाखान्यात एकाच दिवशी जन्मलेल्या पोरांत साधारण दहा तासांची पोरं मंगळी आणि चौदा तासांची बिनमंगळी. आकाशात मंगळ तोच, तिथंच.

आता जोडप्याचं बघा. एक मंगळी आणि एक नाही, अशी जोडी भयंकर म्हणतात. शंभर जोडप्यांत अशी जवळजवळ एकोणपन्नास निघतात. नाडीचं त्याहून सोपं. सत्तावीस नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र चालतो. म्हणजे कुणाचीही कुणाशी एक नाड निघण्याची शक्यता तीनात एक. मंगळ आणि नाड मिळून मोजलं तर शंभरातली पासष्ट-सहासष्ट जोडपी कुठल्या ना कुठल्या दोषात सापडतात. दाराशी येणाऱ्या तीन गिऱ्हाइकांत दोन आधीच आजारी, असा धंदा कुठल्या डॉक्टरला मिळेल?

आणि गुण जुळवतात त्या छत्तीसात पहिला गुण कशाचा, ठाऊक आहे? वर्णाचा. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. नवऱ्याचा वर्ण बायकोहून खालचा असला की तो गुण गेला. गावकुसाबाहेर ठेवलं ते पुरलं नाही, आता राशीतही चार वर्ण. १९५६ साली नागपुरात आपल्या आज्याआजीनं जे टाकलं, ते आपण ५०१ रुपये भरून परत घरी आणतोय.

तर, वहिनीची जन्मवेळ. आईनं सांगितली होती, "दिवेलागणीला, सातच्या सुमारास." जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ असते ती दवाखान्याच्या कागदावर. वहिनीच्या माहेरी पत्र्याच्या पेटीत तो कागद निघाला. रात्री ८ वाजून ५० मिनिटं. मोबाईलवरच्या कुठल्याही पंचांगात वेळ घालून पत्रिका निघते, पैसे लागत नाहीत. नवी वेळ घातली. लग्न एक रास पुढं सरकलं, मंगळ सातव्यातून सहाव्या घरात. सहावं घर त्या पाचांत नाही. दोष गेला. ११ हजारांची शांती कुणाची झाली मग?

सोबत्याला घेऊन मी त्याच ज्योतिषाकडं गेलो. वाद घातला नाही, नवा कागद पुढं ठेवला. त्यानं कागद बघितला, चष्मा पुसला, म्हणाला, "लग्नकुंडलीतून नसेल, चंद्रकुंडलीतून आहे." मी विचारलं, चंद्रातून नसता तर? "शुक्रातूनही बघावा लागतो." म्हणजे तीन ठिकाणांहून मोजायची सवलत. तिन्ही धरली तर शंभरात ऐंशी माणसं मंगळी होतात, कागदावर करून बघा: प्रत्येक वेळी सुटण्याची संधी बारात सात, तीनदा सुटायचं, उरतात वीस. आधी उत्तर आणि मग मोजायची जागा ठरवणारा माणूस ओळखायची ही खूण पक्की. वेळ बदलली तरी दोष बदलत नसेल, तर त्यानं पत्रिका वाचलेली नाही, तुमचा चेहरा वाचलाय.

मग मी त्याला म्हणालो, महाराज, एवढं लिहून द्या. कुठला दोष, कुठल्या घरात, काय होणार, कधीपर्यंत, आणि विधीनंतर झालं नाही तर पैसे परत का. खाली सही. तो म्हणाला, श्रद्धा नसेल तर येऊ नका. सही केली नाही.

हीच गोष्ट पुण्यात मोठ्या प्रमाणात झालेली आहे आणि ती आपल्या पोरांना माहीत नाही, याचा मला राग येतो. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, दोनशे जन्मवेळा, दोनशे पत्रिका. सगळ्या मिसळून टाकल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या: फक्त सांगा, हुशार की मतिमंद. समोर आई नाही, चेहरा नाही, कपडे नाहीत. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. नाणं उडवलं तरी चाळीसात वीस बरोबर येतात. खरं ज्ञान आहे म्हणायला किमान अठ्ठावीस हवे होते, कारण नुसत्या नाण्याला तेवढे शंभरात एखाद्या वेळीच पडतात. सगळ्यात वरचा आला चोवीसावर. सरासरी शेकडा सेहेचाळीस, नाण्याहूनही कमी. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे तपासल्या, एकशे दोन बरोबर. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आलं.

तुम्हाला दोनशे पत्रिका नकोत. एकच जोडी घ्या, नावं काढून टाका, तीन ज्योतिषांकडं तीन वेगवेगळी माणसं पाठवा. पोरगा काय करतो, मूल आहे का, काही सांगू नका. बाहेर बाकड्यावर बसलेला गोड बोलणारा पोरगा विचारतो, त्यालाही नाही. तो आत जाऊन सांगतो. तिघांची उत्तरं त्याच दिवशी लिहून ठेवा. मी माझ्या मावशीची आणि काकाची पाठवली होती. दोघांनी एक नाड काढली, संतती नाही म्हणाले. तिसरा म्हणाला दोष आहे, पण परिहारही आहे. मावशीला तीन मुलं, धाकटा माझ्याबरोबर गोदीत आहे.

राहिलं नाडीचं. ज्योतिष म्हणाला होता, एक नाड म्हणजे एकच रक्तगट, म्हणून गर्भ टिकत नाही. हे वाक्य मात्र तपासता येतं, म्हणून मला आवडलं. सरकारी दवाखान्यात दोघांचं रक्त तपासलं. तो ओ पॉझिटिव्ह, ती बी पॉझिटिव्ह. एकच गट नाही. आणि डॉक्टरीण बाई म्हणाल्या, एकच असता तरी काही बिघडत नाही. बघायचं ते वेगळं: आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर, गर्भ गेल्यानंतरही, बहात्तर तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका. त्या तीन दिवसांत जी बाई शांतीला बसवली जाते, तिचं काय होतं ते विचार करा. दोनदा गर्भ गेल्यावर थायरॉईड, साखर, थॅलेसेमिया, गर्भाशयाची सोनोग्राफी बघतात. वहिनीचा थायरॉईड बिघडलेला निघाला. रोज उपाशीपोटी एक छोटी गोळी. सगळं त्यानंच झालं असं बाई म्हणाल्या नाहीत. पुढच्या वेळी पहिल्या महिन्यातच या, एवढंच म्हणाल्या. सही असलेला कागद दिला.

पोलिसांचं काय, असं सगळे विचारतात. दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, पण त्याच्या बाराव्या कलमात ज्योतिषाचा सल्ला वगळलेला आहे. नुसतं भविष्य सांगितलं म्हणून त्याच्यावर तो कायदा लागत नाही. चमत्काराच्या नावानं लुबाडलं तर लागतो. २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं टीव्हीवर चमत्कारी यंत्रं विकायच्या जाहिराती त्याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. फसवणुकीचं कलम वेगळं, पूर्वी ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून रोख देऊ नका, मोबाईलवरून द्या, कशासाठी ते लिहा, बोलणं मेसेजवर आणा. आमच्या सोबत्यानं सगळं रोख दिलं होतं. त्याच्याकडं काहीच नाही, नुसती अंगठी.

वाट्या अजून सोनाराकडं आहेत. टोळीनं दर पगाराला वर्गणी काढायची ठरवलीय. त्र्यंबकची तारीख रद्द केली. आईनं पत्रिका फोटोमागून काढली, फाडली मात्र नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवलीय. मी काही बोललो नाही. परवा ज्योतिषाचा फोन आला होता, ४२ चे २८ करतो म्हणाला.