किंमत अकराव्या ओळीत!

माझी रूममेट दिवाळीआधी कागदी कंदील बनवून इन्स्टावर विकते. गेल्या वर्षी तिच्या पोस्टखाली जो तो एकच विचारत होता, 'प्राइस?' खरं तर किंमत कॅप्शनमध्ये होती, पण अकराव्या ओळीत, पणत्या आणि फटाक्यांच्या इमोजींमध्ये दडलेली. एका मुलीनं तर उत्तराची वाट न बघता दुसरीकडून कंदील घेतला. यात लोकांचा आळशीपणा नाही, चूक कॅप्शनचीच, असं माझं मत.

फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं 'more'च्या आड जातं. हिनं ती जागा 'नमस्कार मंडळी, दिवाळी म्हटलं की...' यात घालवली होती. वस्तू आणि किंमत तिथेच हवी. आम्ही मग बसून कॅप्शन असं केलं:

हातानं बनवलेले कागदी कंदील, २५० रुपयांपासून

📏 ९ इंच – २५० रु.
📏 १२ इंच – ३५० रु.

🎨 केशरी, पिवळा, गुलाबी
📦 पुण्यात घरपोच, ५० रु. जादा

ऑर्डरसाठी डीएम करा

एका ओळीत एकच गोष्ट आणि विषय बदलला की एक रिकामी ओळ, बस्स. प्रत्येक वाक्यानंतर रिकामी ओळ सोडली तर स्क्रोल करून अंगठा दुखतो आणि कशाचा कशाशी संबंध तेही कळत नाही.

आधी तिनं स्पेसबार दाबून-दाबून साइज आणि किमतीचे दोन रकाने केले होते. तिच्या फोनवर एकदम मस्त! माझ्या फोनवर अक्षरं मोठी ठेवलेली, त्यामुळे ३५० घसरून खालच्या ओळीत गेले. अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा. स्पेस देऊन रकाने जुळतच नाहीत. त्यापेक्षा साधी डॅश बरी. पोस्ट केल्यावर दुसऱ्याच्या फोनवर एकदा बघायचंच.

इमोजीवरून मात्र आमचं वाजलं. 'त्याशिवाय व्हाइब येत नाही यार,' ती म्हणाली. मान्य, पण ओळीच्या सुरुवातीला एकच, आणि तोही ओळीत काय आहे ते सांगणारा. आमच्या वर्गातला एक मित्र दृष्टिहीन आहे, तो स्क्रीन रीडरवर फोन वापरतो. पणतीचा इमोजी आला की फोन त्याला त्याचं नाव वाचून दाखवतो. दहा पणत्या म्हणजे बिचाऱ्यानं तेच नाव पुन्हा पुन्हा ऐकायचं, मग कुठे किंमत!

हेच कॅप्शन व्हॉट्सअॅपवर टाकताना किमतीच्या दोन्ही बाजूंना स्टार दिला, *२५० रु.* असा, की ती ठळक दिसते. इन्स्टावर मात्र नुसते स्टारच दिसतात, तिथे ते काढायचे.

यंदा 'प्राइस?' विचारणारे बरेच कमी झाले. हॅशटॅगच्या आधीची पणत्यांची रांग काढायला मात्र ती अजून तयार नाही. भांडण चालू आहे.