ताकीदपत्रातील तीन तास

हॉटेलातील एखादा कामगार वारंवार उशिरा येतो म्हणून त्याला ताकीदपत्र दिले जाते, तेव्हा कामगार संघटनेचा कार्यकर्ता बहुधा एकच प्रश्न विचारतो: पत्र मागे कसे घ्यायला लावायचे? हा प्रश्न अपुरा आहे. हॉटेलात उशीर हा केवळ मालकाविरुद्धचा अपराध नसतो. स्वागतकक्षातील रात्रपाळीचा कारकून रोख रक्कम, किल्ल्या आणि नोंदवही पुढच्या माणसाच्या हाती दिल्याखेरीज घरी जाऊ शकत नाही. सकाळी सातचा माणूस पावणेआठला आला, तर रात्रभर जागलेल्या सहकाऱ्याची पाऊण तास झोप जाते. म्हणून ताकीद द्यावी लागते, आणि ती खंबीर असावी लागते. मात्र ती कशी लिहिली जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

समजा, मुंबईतील एका मध्यम हॉटेलात मासिक १८,००० रुपये वेतनावर काम करणारा एक कारकून महिन्यात सहा वेळा उशिरा आला: २०, ३५, १५, ४०, २५ आणि ४५ मिनिटे. एकूण बरोबर तीन तास. नेहमीच्या पत्रात याचे वर्णन ‘आपण सदैव बेजबाबदारपणे वागता’ असे असते. या वाक्याला उत्तर देता येत नाही, कारण त्यात आरोप आहे पण घटना नाही. योग्य पत्रात सहा तारखा, प्रत्येक दिवशीची हजेरीपटावरील वेळ आणि यापूर्वी तोंडी समज दिल्याचा दिवस एवढेच असते. कामगाराच्या स्वभावाबद्दल त्यात एक शब्दही नसतो.

पत्र लिहिण्यापूर्वी व्यवस्थापकाने पाळ्यांचा तक्ता पाहिला पाहिजे. हेच काम सर्वाधिक टाळले जाते. आपल्या उदाहरणात सहापैकी चार दिवस असे निघाले, की आदल्या दिवशी या कारकुनाची पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला पुन्हा बोलावले होते. मध्ये आठ तास. टिटवाळ्याला राहणाऱ्या माणसाचे त्यातले कितीतरी तास लोकलमध्ये आणि फलाटावर जातात. या चार दिवसांचा दोष तक्ता करणाऱ्याचाही आहे, आणि पत्रात तसे म्हणण्याने व्यवस्थापनाची प्रतिष्ठा जात नाही. उरलेल्या दोन दिवसांना असे कारण नाही. ताकीद त्या दोन दिवसांवर ठामपणे उभी राहावी.

पत्राचा गाभा मग असा होईल: “आपल्या उशिरामुळे रात्रपाळीच्या सहकाऱ्यास थांबावे लागले. चार दिवसांच्या बाबतीत पाळीबदल कारणीभूत दिसतो. दुपारपाळीनंतर सकाळपाळी यापुढे आपणांस दिली जाणार नाही. उर्वरित दोन दिवसांचे कारण आपण सात दिवसांत लेखी कळवावे. अडचण असल्यास ती अवश्य सांगावी. उशीर पुन्हा होत राहिल्यास नियमानुसार चौकशी करण्यात येईल.” शिक्षा आधी आणि खुलासा मागाहून, हा क्रम येथे उलटला आहे.

आता पैशाचा हिशेब. अनेक आस्थापनांत ‘तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस’ असा शिरस्ता असतो. त्याप्रमाणे सहा वेळांचा एक पूर्ण दिवस कापला जातो. महिन्याचे २६ दिवस धरले, तर ही रक्कम सुमारे ६९२ रुपये होते. परंतु गैरहजेरीची कपात प्रत्यक्ष गैरहजर वेळेच्या प्रमाणाबाहेर करता येत नाही, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घातलेले बंधन २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. तीन तासांचे होतात सुमारे २६० रुपये. त्याहून अधिक घ्यायचे तर तो दंड ठरतो. त्याला वेतनाच्या तीन टक्क्यांची मर्यादा आहे आणि कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय तो करता येत नाही.

याच तीन तासांची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. ते तास रात्रपाळीच्या कारकुनाने भरून काढले. त्याचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांनी पूर्ण भरलेला असेल, तर वरचा वेळ दुप्पट दराचा आहे: तेवढ्याच वेतनावर सुमारे ५१९ रुपये. एकाच्या वेतनातून ६९२ कापायचे आणि दुसऱ्याला काहीच द्यायचे नाही, असे करणाऱ्या मालकाला कामगाराच्या उशिरातून चक्क नफा होतो! अशा मालकाने शिस्तीची भाषा कोणत्या तोंडाने करावी?

पत्राचे पुढे काय होते, हेही पाहिले पाहिजे. ते कामगाराच्या नोंदीत जाते आणि दोन वर्षांनी बडतर्फीच्या कागदांत वर येते. किरकोळ गैरवर्तनासाठी, त्याचे स्वरूप व पूर्वीची नोंद न पाहता, बेसुमार शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही अनुचित प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ठरवले ते याच कारणाने. तेव्हा सहा महिने उशीर झाला नाही तर हे पत्र विचारात घेतले जाणार नाही, अशी ओळ पत्रातच घालून घ्यावी. पोच देताना ‘मजकूर मान्य’ असे न लिहिता ‘पत्र मिळाले’ एवढेच लिहून तारीख घालावी, आणि खुलाशाची एक प्रत कामगाराने स्वतःजवळ ठेवावी.